बत्तीस हजारांचा फ्रिज नेमका कितीला पडतो?

"दादा नमस्कार. फ्रिज घ्यायचा आहे, उन्हाळा तोंडावर आला. साइटवर ३२,४९० ला दिसून राहिला. त्यावर १,००० चं कूपन आहे. क्रेडिट कार्डावर १० टक्के इन्स्टंट डिस्काउंट आहे, खाली बारीक अक्षरात किमान खरेदी २०,००० आणि कमाल १,५०० असं लिहिलं आहे. कॅशबॅकच्या साइटवरून गेलं तर '४ टक्क्यांपर्यंत' भेटते म्हणतात. आणि माझं कार्ड दर १०० रुपयांवर ५ पॉइंट देते, म्हणजे अजून ५ टक्के. मी १९ टक्के कापले, वरून हजार कापले, तर २५,३१७ आले. बर्डीवरचा दुकानदार तोच फ्रिज २९,५०० म्हणून राहिला, घरपोच. आमचे हे म्हणतात नो कॉस्ट ईएमआयवर घेऊ, फुकटच आहे. कुठून घेऊ? — एक वाचक, मानेवाडा"

ताई, नमस्कार. आधी आकडाच सांगतो, मग कारणं. ऑनलाइन तुमच्या कार्डावरून त्या दिवशी २९,९९० जातील, पॉइंट धरले तर फ्रिज साधारण २९,६०० ला पडेल, आणि कॅशबॅक खरंच आला तर २९,२०० च्या वर कुठंतरी. २५,३१७ ला तो कोणत्याच रस्त्यानं येत नाही. म्हणजे बर्डीवाला अन् साइट जवळपास एकाच ठिकाणी उभे आहेत, आणि ईएमआय लावला तर साइट त्याच्यापेक्षा महाग होते.

आता ते चार हजार गेले कुठं ते पाहू. तुम्ही १०, ४ आणि ५ ची बेरीज केली अन् १९ टक्के सरळ ३२,४९० वर लावले, ते बरोबर नाही, पण खरं सांगू का, त्यानं फार बिघडलं नाही. समजा कुठलीच मर्यादा नसती आणि सगळे टक्के जसेच्या तसे भेटले असते, तरी कूपन आधी कापलं जाते, मग उरलेल्या ३१,४९० वर १० टक्के, मग जे २८,३४१ उरले त्यावर ४ अन् ५, असं करून २५,७९० आले असते. तुमच्या आकड्यात अन् यात फरक फक्त पावणेपाचशेचा. बाकीचा सगळा मोठा फरक त्या बारीक अक्षरांनी केला आहे, जी तुम्ही वाचली, मला लिहून पाठवली, पण हिशोबात धरली नाहीत.

तुमचा बँक ऑफर पाहा. १० टक्के, कमाल १,५००. म्हणजे १० टक्के पूर्ण कुठपर्यंत चालतात? १५,००० पर्यंत. त्याच्या वर कितीचीही वस्तू घ्या, भेटणार १,५०० च. आणि गंमत अशी की किमान खरेदी २०,००० ची सांगून राहिले. म्हणजे १५,००० च्या खाली ऑफर लागतच नाही, आणि २०,००० ला लागला की तोवर मर्यादा ओलांडलेली असते. नीट पाहिलं तर या ऑफरमध्ये १० टक्के नागपुरातच काय, कुठंच, कोणालाच भेटू शकत नाहीत. सगळ्यात नशीबवान माणूस बरोबर २०,००० ची वस्तू घेणारा, त्याला साडेसात टक्के. तुम्हाला ३१,४९० वर १,५००, म्हणजे पावणेपाच टक्के. यात फसवणूक काही नाही, सगळं लिहिलेलं असते, फक्त '१० टक्के' मोठ्या अक्षरात असते अन् बाकीचं लहान. म्हणून मी कोणताही बँक ऑफर पाहिला की टक्के वाचतच नाही, कमाल रक्कम वाचतो. तीस हजारांच्या वस्तूला हा ऑफर '१,५०० चं कूपन' आहे, बस.

किमान रकमेचं अजून एक आहे, आणि ते तुम्हाला यावेळी लागू नाही पण पुढच्या वेळी मिक्सर-टीव्ही घेताना लागेल म्हणून सांगून ठेवतो. ती २०,००० ची अट बहुतेक ठिकाणी कूपन कापल्यानंतर कार्डावर जी रक्कम येते तिच्यावर पाहिली जाते. समजा वस्तू २०,४९० ची आहे आणि तुम्ही खुशीखुशी १,००० चं कूपन लावलं, तर पेमेंटला उरले १९,४९०, अट तुटली, १,५०० गेले. म्हणजे हजार वाचवायला गेलो अन् पाचशेनं वस्तू महाग झाली. अशा वेळी कूपन काढून टाकायचं. गिफ्ट कार्डाचं तसंच, तुमच्याकडं १२,००० चं गिफ्ट कार्ड पडलं असेल अन् ते इथं वापरलं तर कार्डावर १९,४९० च येतात, ऑफर उडाला. १०,००० चं वापरलं तर २१,४९० येतात, ऑफर राहतो. त्यामुळं गिफ्ट कार्ड असेल तर ते मोठ्या सेलमध्ये न वापरता नंतर किराण्याला वापरा. आणि पैसे भरायच्या शेवटच्या पानावर १,५०० वजा झालेले डोळ्यानं दिसले पाह्यजेत. नाही दिसले तर बटण दाबू नका. तुमचं कार्ड त्या ऑफरच्या यादीत नसू शकते, बऱ्याच ऑफरमध्ये त्याच बँकेचं एखादं कार्ड बाहेर ठेवलेलं असते, किंवा एका कार्डावर एकदाच भेटते अन् तुम्ही ते आधीच कशावर तरी वापरलेलं असते. आणि इन्स्टंट डिस्काउंट म्हणजे तिथल्या तिथं, नंतर कस्टमर केअरला फोन करून तो भेटत नाही. त्याच पानावर बँक ऑफर लावल्याबद्दलची एखादी छोटी प्रोसेसिंग फी जोडली आहे का तेही पाहून घ्या, काही साइट घेऊन राहिल्या आजकाल. असेल तर माझ्या आकड्यात तेवढी मिळवा.

तर आतापर्यंत ३२,४९० मधून हजार गेले, ३१,४९०. त्यातून १,५०० गेले, २९,९९०. इथपर्यंतचा पैसा खरा पैसा आहे, तो तुमच्या खिशातून जातच नाही. इथून पुढचं सगळं 'नंतर' आहे, अन् नंतरच्या पैशाला मी नेहमी वेगळ्या ओळीत लिहितो. एकाच ओळीत लिहिलं की माणूस मनातल्या मनात तो खर्च करून बसतो.

आता पॉइंट. १०० रुपयांवर ५ पॉइंट म्हणजे ५ टक्के, हे तुम्ही धरलं, अन् इथं सगळेच धरतात. पण पॉइंट म्हणजे रुपया नाही. साध्या कार्डांवर एका पॉइंटची किंमत बरेचदा २५ पैसे असते, म्हणजे ४ पॉइंटला १ रुपया. तुमच्या कार्डाची किती आहे ते बँकेच्या ॲपमध्ये रिवॉर्डच्या पानावर जाऊन पाहा, तिथं 'स्टेटमेंट क्रेडिट' किंवा 'कॅश' असा पर्याय असतो, त्यात १,००० पॉइंट टाकून पाहा किती रुपये दाखवते. २५० दाखवले तर २५ पैसे. मी तेच धरून चालतो. मग ५ पॉइंट म्हणजे सव्वा रुपया, म्हणजे ५ टक्के नाही, सव्वा टक्का.

तोही ३२,४९० वर नाही, कार्डावर खरंच गेलेल्या २९,९९० वर. आणि दर पूर्ण १०० ला, म्हणजे २९९ शतकं, वरचे ९० रुपये वाया. २९९ गुणिले ५ म्हणजे १,४९५ पॉइंट, २५ पैशांनी ३७३ रुपये. तुम्ही धरले होते सोळाशेच्या वर. शिवाय काही बँका पॉइंट वटवायला ९९ रुपये अन् त्यावर १८ टक्के जीएसटी घेतात, म्हणजे ११७. फक्त एवढेच पॉइंट वटवले तर हाती २५६ च राहतात. म्हणून पॉइंट साठू द्यायचे अन् वर्षातून एकदाच वटवायचे, ती फी एकदाच लागते, फक्त त्यांची मुदत कधी संपते तेवढं ॲपमध्ये पाहून ठेवायचं. काही लोक पॉइंटवर ट्रॅव्हल व्हाउचर नाहीतर विमानाचे माइल्स घेऊन जास्त किंमत काढतात, ते खरं आहे, पण ते ज्याला तसंही फिरायचं आहे त्याच्यासाठी. ज्याला फिरायचं नाही त्यानं पॉइंटसाठी तिकीट काढणं मला पटत नाही. आणि कॅटलॉगमधला डबा, बॅग, घड्याळ घेऊ नका, तिथं एका पॉइंटची किंमत बरेचदा २५ पैशांच्याही खाली जाते. ती वस्तू बाहेर कितीला भेटते ते पाहून तिला लागणाऱ्या पॉइंटनी भागलं की लगेच कळते.

तर पॉइंट धरून २९,९९० वजा ३७३, म्हणजे २९,६१७. हा माझ्या मते तुमचा भरवशाचा आकडा.

आता कॅशबॅकची साइट, इथं जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होते. या साइटचं काम साधं आहे. तुम्ही त्यांच्या लिंकवरून दुकानाच्या साइटवर गेले अन् काही घेतलं, तर दुकान त्यांना कमिशन देते, त्यातला काही भाग ते तुम्हाला देतात. म्हणजे तुमचा कॅशबॅक हा कोणाच्या तरी कमिशनचा तुकडा आहे, अन् कमिशन आलंच नाही तर तुम्हालाही काही नाही. हे डोक्यात ठेवलं की त्यांच्या सगळ्या अटी आपोआप समजतात.

'४ टक्क्यांपर्यंत' मधलं 'पर्यंत' पाहा. त्या लिंकवर दाबल्यावर खाली प्रकारावार दर दिलेले असतात, कपडे-चपला-ब्युटीला जास्त, अन् मोबाइल, फ्रिज, टीव्ही यांना एकदम कमी, कारण दुकानाला तिथं मार्जिनच कमी असते. कधी कधी मोठ्या उपकरणांपुढं शून्य पण लिहिलेलं असते. तुमच्या फ्रिजला समजा दीड टक्का आहे असं धरू, तुम्ही तिथं जाऊन खरा आकडा पाहून घ्या. हा दीड टक्का बहुतेक वेळा जीएसटी वगळून उरलेल्या रकमेवर भेटते. फ्रिजवर जीएसटी १८ टक्के, तो किमतीत धरलेलाच असते, म्हणून १८ टक्के वजा करायचे नाहीत, १.१८ नं भागायचं. २९,९९० भागिले १.१८ म्हणजे २५,४१५. त्याचा दीड टक्का ३८१ रुपये. तुम्ही तेराशे धरले होते. काही साइट बँकेचं डिस्काउंट कापायच्या आधीच्या रकमेवर देतात, मग ४०० येतील, पण त्या वीस रुपयांसाठी आपण भांडायला नको.

भांडण दुसरीकडं आहे. बऱ्याच कॅशबॅक साइटच्या अटीत असं लिहिलेलं असते की त्यांच्या पानावर नसलेलं कूपन वापरलं तर कॅशबॅक रद्द. आता तुमचं १,००० चं कूपन कुठलं आहे? फ्रिजच्या पानावरच टिक करायचा डबा असेल तर सहसा अडचण येत नाही, ती दुकानाचीच सवलत आहे. पण तो कोड कोणी व्हॉट्सॲपवर पाठवला असेल, नाहीतर दुसऱ्या कुठल्या कूपनच्या साइटवरून उचलला असेल, तर शेवटचा क्लिक त्या दुसऱ्या साइटचा धरला जाऊ शकते अन् कमिशन तिकडं जाते. म्हणजे कूपन अन् कॅशबॅक दोन्ही एकदम भेटतीलच असं नाही, कधी दोघांतून एकच घ्यायचं असते. तुमच्या बाबतीत निवड सोपी आहे, हातातले हजार की तीन महिन्यांनी आले तर येणारे ३८१, कोणीही हजारच घेईल. पण लोक टक्केवारी पाहून उलटं करतात, कारण '४ टक्के' हे '१,०००' पेक्षा मोठं वाटते कसं कोण जाणे.

कॅशबॅक घ्यायचाच असेल तर कार्ट आधी रिकामी करा, जाहिराती अडवणारं काही ब्राउझरमध्ये लावलं असेल ते बंद करा, लिंकवर दाबा अन् त्याच टॅबमध्ये, मध्ये कुठं न भटकता, फ्रिज टाकून पैसे भरा. ॲपमध्ये उडी मारू नका, त्या साइटनं ॲप चालते असं स्पष्ट लिहिलं असेल तरच. लिंकवर दाबल्याची वेळ अन् ऑर्डर नंबर यांचा स्क्रीनशॉट ठेवा. दोन-तीन दिवसांत तुमच्या खात्यात तो 'पेंडिंग' म्हणून दिसला पाह्यजे, नाही दिसला तर तेव्हाच तक्रार टाका, महिन्यानं टाकली तर ऐकत नाहीत. आणि पेंडिंगचा 'कन्फर्म' व्हायला परत करायची मुदत संपून वर दोन-तीन महिने सहज जातात. सगळं जमलं तर २९,६१७ वजा ३८१, म्हणजे २९,२३६. मी हा आकडा कागदावर लिहीन पण ठरवताना वापरणार नाही.

एक प्रकार अजून आहे, तुमच्या पत्रात नाही पण त्याच पानावर दिसेल, '५०० रुपये कॅशबॅक वॉलेटमध्ये' किंवा 'पुढच्या खरेदीवर व्हाउचर'. याची किंमत ५०० धरू नका. दर महिन्याला त्याच साइटवरून साबण-तेल मागवत असाल, व्हाउचरला किमान खरेदीची अट नसेल अन् मुदत भरपूर असेल तर पाचशेच धरा. नाहीतर मी निम्मे धरतो. आणि '५,००० च्या खरेदीवर ५०० सूट' असं व्हाउचर असेल तर शून्य, ते मला अजून साडेचार हजार खर्च करायला बोलावून राहिले.

आता तुमच्या ह्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर येतो, अन् जरा सांभाळून सांगा त्यांना, कारण नवऱ्यांना हे 'फुकट' फार आवडते. बँक कधीच बिनव्याजी पैसे देत नाही. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना काढलेल्या परिपत्रकात हे साफ म्हटलं आहे की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. नो कॉस्टमध्ये होते असं की जेवढं व्याज लागणार तेवढी सूट दुकान किंवा कंपनी आधीच किमतीतून देते, अन् मग उरलेल्या रकमेवर बँक तुमच्याकडून रीतसर व्याज घेते. दोन्ही सारखे म्हणून बेरीज तेवढीच येते.

तुमच्या आकड्यावर करून पाहू. ६ महिने, एकूण २९,९९०, म्हणजे महिन्याला ४,९९८. बँकेचा दर वर्षाला १६ टक्के धरला तर खरं कर्ज येते साधारण २८,६४०, अन् व्याज १,३५०. ते १,३५० दुकानानं आधी सोडले, इथपर्यंत हिशोब बरोबर. पण व्याजावर १८ टक्के जीएसटी लागते, तो कोणी सोडत नाही, २४३ रुपये. तो दर महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये थोडा थोडा येते, पहिल्या महिन्यात जास्त अन् मग कमी होत जाते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. वरून बँकेची प्रोसेसिंग फी, १९९ धरा, त्यावर जीएसटी, झाले २३५. एकूण ४७८ जास्त. आणि बऱ्याच कार्डांवर ईएमआयच्या व्यवहाराला पॉइंट भेटत नाहीत, म्हणजे ते ३७३ पण गेले. २९,६१७ चा फ्रिज ३०,४६८ ला पडला. साडेआठशेचा फरक, अन् बर्डीच्या दुकानापेक्षा जवळपास हजारानं महाग.

तरी ईएमआय नेहमीच वाईट असं मी म्हणत नाही. सेलमध्ये कधी ईएमआयवाल्याला बँक ऑफरची मर्यादा जास्त ठेवतात, साध्या पेमेंटला १,५०० अन् ईएमआयला २,०००. तसं असेल तर पाचशे परत आले, अन् पैसे सहा महिने सेव्हिंगमध्ये थोडे थोडे पडून राहिले त्याचं व्याज दोनशेच्या आसपास. साडेआठशेतून सातशे भरून निघाले, उरला दीडशेचा खर्च. एकदम तीस हजार काढणं खरंच जड जात असेल तर दीडशे काय, साडेआठशे पण ठीक आहेत, तो सोयीचा दर आहे, फक्त फुकट म्हणू नका. कारण दुसरा रस्ता याहून वाईट आहे. कार्डावर घेतलं अन् बिल पूर्ण नाही भरलं, नुसते 'मिनिमम ड्यू' भरत राहिले, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज अन् त्यावर जीएसटी. ३०,००० वर हे साधारण १,२४० एका महिन्याचे, अन् ते बिलाच्या तारखेपासून नाही, खरेदीच्या दिवसापासून लागते. कूपन, पॉइंट, कॅशबॅक यातलं निम्म्याहून जास्त एका महिन्यात साफ.

अजून एक, फ्रिज परत करावा लागला तर. तुम्हाला २९,९९० च परत भेटतील, कूपन बहुतेक वेळा पुन्हा वापरता येत नाही, पॉइंट काढून घेतले जातात, अन् ते आधीच वटवले असतील तर पॉइंटचं खातं उणे होते. ईएमआयवर घेतला असेल तर प्रोसेसिंग फी सहसा परत नाही. हे फ्रिजसाठी सांगून राहिलो कारण तो वाटेत ठोकर खाऊन येण्याचा प्रकार होते, अन् तशा वेळी बर्डीवाल्याकडं जाऊन उभं राहता येते.

मग कुठून घ्यायचा? माझ्या मते तुमच्यापुढं दोन खरे आकडे आहेत, साइटचे २९,६१७ अन् दुकानाचे २९,५००. ११७ रुपयांचा फरक, म्हणजे काहीच नाही, पण दुकानाच्या आकड्यात अजून घासाघीस झालेली दिसत नाही. साइटशी घासाघीस होत नाही, बर्डीवर होते. आधी एक तपासा. दोन्हीकडचा मॉडेल नंबर अक्षरन्अक्षर तोच आहे का? कंपन्या ऑनलाइनसाठी शेवटचं एखादं अक्षर बदलून वेगळं मॉडेल काढतात, दिसायला तेच, आतून एखादी काच नाहीतर ट्रे कमी, कधी स्टार रेटिंगही वेगळं. दुकानातल्या फ्रिजच्या आत भिंतीवर स्टिकर असते, त्याचा फोटो काढा अन् साइटवरच्या नंबराशी जुळवा. नंबर वेगळा असेल तर वरचा सगळा हिशोब दोन वेगळ्या फ्रिजचा झाला.

नंबर तोच निघाला तर दुकानदाराला साइटवरचं पेमेंटचं शेवटचं पान, १,५०० वजा होऊन २९,९९० दिसते ते, दाखवू नका, तर सांगा की मला सगळं धरून २९,२०० च्या आसपास पडून राहिला. खोटं नाही ते, कॅशबॅक आला तर तेवढ्यालाच पडते. तो २९,००० वर आला तर तिथूनच घ्या. किंमत कमी करत नसेल तर जुना फ्रिज कितीला घेतो ते विचारा, अन् स्टॅबिलायझर देतो का विचारा, मानेवाड्यात उन्हाळ्यात व्होल्टेज कसं नाचते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. साइटनं पण जुन्या फ्रिजचे पैसे दाखवले असतील तर तो आकडा साइटच्या बाजूला लिहा, दुकानाचा दुकानाच्या बाजूला, अन् मग जुळवा. कार्ड चालते का तेही विचारून ठेवा, पण दुकानदार कार्डावर दोन टक्के जास्त मागत असेल तर २९,५०० वर ते ५९० होतात अन् तुमचे पॉइंट ३७० च्या आसपास, म्हणजे तिथं यूपीआयच करा.

तो २९,५०० वरच अडून बसला अन् वरून काहीच देत नसेल, तरी ११७ रुपयांनी स्वस्त तोच आहे. तरीही साइटवरूनच घ्यायचा असेल तर घ्या, कूपन लावून, पूर्ण पैसे कार्डावर, ईएमआय न लावता, अन् बिल आलं की पूर्ण भरून टाका. कॅशबॅकची लिंक कूपनला अडचण करत नसेल तरच वापरा. आणि सेल संपायच्या शेवटच्या रात्री ऑर्डर करू नका, बँक ऑफरची एकूण रक्कम संपली की तो दुपारीच बंद होते अन् पान तसंच दिसत राहते, पैसे भरताना मात्र १,५०० वजा होत नाहीत.